नमुना पडताळणी, साठ्याची

नोंदवहीत दाखविलेल्या वस्तू प्रत्यक्षात जागेवर आहेत किंवा नाहीत, हे सर्व वस्तू न मोजता त्यांपैकी थोड्या निवडून तपासण्याची व त्यावरून संपूर्ण नोंदवहीच्या अचूकतेचे अनुमान काढण्याची पद्धत. कोठारातील धान्य, ग्रंथालयातील पुस्तके, कारखान्यातील सुटे भाग, संग्रहालयातील मूर्ती किंवा शासनाने संरक्षित केलेली स्मारके यांपैकी कोणत्याही संचास ती लागू पडते. तीत तीन प्रश्न सोडवावे लागतात : कोणत्या वस्तू तपासावयाच्या, आढळलेल्या चुकांवरून चुकीचे प्रमाण कसे काढावयाचे आणि किती चूक चालू शकेल याची मर्यादा कोठे घालावयाची. हे तीन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. निवड सदोष असेल, तर पुढील गणित कितीही काटेकोर केले तरी त्याला अर्थ उरत नाही, हा या विषयाच्या इतिहासातून निघणारा मुख्य निष्कर्ष होय.

जुनी पद्धत : साठा लहान व मोजणारी माणसे पुरेशी असत तेव्हा संपूर्ण मोजदाद करण्याचीच रीत होती. मराठ्यांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन प्रमुख अधिकारी असत आणि धान्य, दारूगोळा इत्यादींच्या साठ्याचा हिशेब कारखानिसाकडे असे. एकाच्या हाती वस्तू व लेखन दोन्ही राहू नयेत, हे या वाटणीमागील सूत्र होते. ब्रिटिश अमदानीत व नंतर शासकीय कचेऱ्यांतून जडवस्तूंची नोंदवही ठेवून वर्षातून एकदा सर्व वस्तू मोजण्याचा प्रघात पडला. टेबले, खुर्च्या व कपाटे अशा शेदोनशे वस्तूंच्या बाबतीत तो आजही योग्य आहे. परंतु वस्तूंची संख्या हजारांच्या घरात गेली किंवा त्या दूरवर विखुरलेल्या असल्या, की संपूर्ण मोजदाद रेंगाळते. शेवटी ती गतवर्षीच्या यादीवर खुणा करण्याइतपत उरते. असे झाल्याची एक ओळखीची खूण म्हणजे ओळीने अनेक वर्षे पडताळणीच्या दाखल्यावर एकही तूट नसणे.

यावर पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे तपासनिसाने मध्येच येऊन काही वस्तू पाहणे. अशा अवचित तपासणीचा धाक असतो व तिच्यात कधीकधी गंभीर उणिवाही सापडतात. तथापि तपासनीस बहुधा हाताशी असलेल्या, दाराजवळच्या, मोठ्या व मौल्यवान वस्तू पाहतो. किंवा उलट, ज्या खोलीविषयी संशय आहे त्याच खोलीत शिरतो. पहिल्या प्रकारात नोंदवही आहे त्याहून चांगली दिसते, दुसऱ्या प्रकारात वाईट. दोन्ही तपासण्या उपयुक्त असू शकतात; परंतु त्यांतून चुकीचे प्रमाण मिळत नाही.

शास्त्रीय निवडीचा पाया : हेतुपूर्वक केलेली निवड व चिठ्ठ्या टाकून केलेली निवड यांमधील भेद पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमान यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्पष्ट केला. त्यांच्यासमोर इटलीतील एक उदाहरण होते. तेथील १९२१ च्या जनगणनेच्या कागदपत्रांपैकी काहीच जतन करावयाचे असल्यामुळे जीनी व गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनी देशातील २१४ विभागांपैकी २९ विभाग निवडले. काही प्रमुख बाबतींत या विभागांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी, अशी काळजी त्यांनी घेतली होती. त्या बाबती जुळल्या. परंतु इतर बाबतींत निवडलेले विभाग व संपूर्ण देश यांत मोठी तफावत आढळली. जाणत्या माणसाने विचारपूर्वक केलेली निवडही समष्टीचे यथार्थ चित्र देईल याची शाश्वती नसते. उलट, प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी दिली, तर अनुमान किती चुकू शकेल हेही सांगता येते, असे नेमान यांनी दाखविले.

या विचाराच्या विकासात एका महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञाचा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) त्या सुमारास लंडनमध्ये नेमान यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. समष्टीचे स्तर पाडल्यावर प्रत्येक स्तरातून किती घटक घ्यावेत, हा प्रश्न त्यांनी १९३५ मधील निबंधात हाताळला. ज्या स्तरातील घटकांत विविधता अधिक, त्यातून अधिक घटक घ्यावे लागतात. परंतु ती विविधता आधी ठाऊक नसते. म्हणून प्रथम एक लहान नमुना घेऊन तिचा अंदाज करावा आणि मग मुख्य नमुन्याची वाटणी करावी, हा मार्ग उपयुक्त ठरतो असे त्यांनी दाखविले. भारतात परतल्यावर त्यांनी व पानसे यांनी पीक-उत्पादनाच्या सर्वेक्षणांत यदृच्छया निवडलेल्या शेतांतील ठराविक तुकड्यांची कापणी करून उत्पन्न मोजण्याची पद्धत रूढ केली. तोवर उत्पन्नाचा अंदाज नजरेने ठरविलेल्या आणेवारीवर अवलंबून असे. साठ्याच्या पडताळणीतही हाच फरक आहे : तपासनिसाची नजर ही आणेवारी आणि चिठ्ठीने ठरलेला नमुना ही पीककापणी.

स्मारकांची यादी व २०१३ ची तपासणी : मोठ्या प्रमाणावरील पडताळणीचे एक बोधप्रद उदाहरण भारतातील संरक्षित स्मारकांचे आहे. स्मारकांच्या याद्या करण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. हेन्री कझेन्स याने निजामाच्या राज्यातील पुरावशेषांची यादी १९०० मध्ये प्रसिद्ध केली. आजचा बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. १९०४ च्या कायद्याने स्मारकांना संरक्षण मिळू लागले आणि १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांची व्यवस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे निश्चित झाली. अशा रीतीने निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या हातांनी केलेल्या नोंदींची एक मोठी नोंदवही तयार झाली.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार केंद्रसंरक्षित ३,६७८ स्मारकांपैकी १,६५५ स्मारकांची संयुक्त प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली आणि त्यांपैकी ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत. १,६५५ मध्ये ९२ म्हणजे सु. ५·६ टक्के. यावरून न पाहिलेल्या २,०२३ स्मारकांपैकीही सु. ११२ नाहीशी झाली असावीत, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणता येईल काय, हे केवळ एका गोष्टीवर अवलंबून आहे : पाहिलेली स्मारके यदृच्छया निवडली गेली होती काय. ती चिठ्ठीने ठरली असती, तर हे अनुमान योग्य ठरले असते आणि इतक्या मोठ्या नमुन्यामुळे त्यात एक टक्क्याहूनही कमी इकडेतिकडे झाले असते. परंतु संशयास्पद स्थळे मुद्दाम घेतली असतील, तर उरलेल्यांत तुटीचे प्रमाण कमी असेल. आणि जाण्यायेण्यास सोयीची स्थळे घेतली असतील, तर दुर्गम भागांत ते जास्त असेल. व्यवस्थेतील दोष उघड करणे हा लेखापरीक्षणाचा हेतू असतो आणि तो ९२ या संख्येने साधला. एकूण प्रमाण सांगणे हे वेगळे काम असून त्यासाठी निवडीची रीत आधी ठरवावी लागते.

या तपासणीचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाने नंतर केलेल्या शोधात ९२ पैकी ४२ स्मारकांचा ठावठिकाणा लागला. उरलेल्या ५० पैकी १४ नागरी वाढीत नष्ट झाली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ चा पत्ता लागला नाही, असे २०२२ मधील संसदीय समितीच्या अहवालात नमूद आहे. पत्ता न लागलेल्यांत पुण्यातील एक जुने युरोपीय थडगे होते. म्हणजे प्रथम ‘नाही’ म्हणून मोजलेल्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्या वस्तू अस्तित्वात होत्या. पहिल्या मोजणीने ५·६ टक्के असलेले प्रमाण फेरतपासणीनंतर सु. ३ टक्क्यांवर येते.

यावरून पडताळणीपूर्वी चुकीची व्याख्या लेखी ठरविणे का आवश्यक असते, हे कळते. वस्तू नाहीशी होणे ही एक चूक. वस्तू आहे, पण नोंदीतील स्थळ, माप किंवा वर्णन जुळत नाही ही दुसरी. आणि वस्तू व नोंद दोन्ही बरोबर असून तपासनिसालाच ती ओळखता आली नाही ही तिसरी. पहिलीचा उपाय राखणदारी, दुसरीचा नोंदवहीची दुरुस्ती आणि तिसरीचा तपासनिसाचे प्रशिक्षण. तिन्ही एकाच रकान्यात बेरजेने मांडल्यास प्रमाण मिळते, पण उपाय कळत नाही. म्हणून ‘आढळली नाही’ असा शेरा पडलेल्या प्रत्येक वस्तूचा शोध दुसऱ्या तपासनिसाने स्वतंत्रपणे घ्यावा आणि नंतरच ती तुटीत धरावी, असा नियम ठेवतात. फेरतपासणी केवळ ‘नाही’ म्हटलेल्यांची केली, तर मात्र चुका एकाच बाजूने कमी होत जातात. ‘आहे’ म्हटलेल्यांपैकीही काही नोंदी त्याच रीतीने पुन्हा पाहाव्या लागतात. कारण शेजारची वस्तू पाहून बरोबरची खूण केली जाण्याचा संभव असतो.

चौकटीचा प्रश्न : नमुना ज्या यादीतून काढतात तिला चौकट म्हणतात. नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष त्या चौकटीपुरताच खरा असतो. बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथील केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील असून बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींच्या शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. ते व तेथील किल्ला यांचे संरक्षण राज्य शासनाकडे आहे. केंद्राच्या यादीत नसलेल्या अशा स्थळांविषयी वरील तपासणीवरून काहीच सांगता येत नाही. कारण निवडले जाण्याची संधीच त्यांना नव्हती.

चौकटीचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. नोंदवहीतून नाव काढून वस्तू शोधली, तर नाहीशा झालेल्या वस्तू सापडतात. परंतु जी वस्तू जागेवर असून नोंदलेलीच नाही, ती या मार्गाने कधीही उघड होत नाही. जुन्या मंदिरांच्या आवारात पडझडीतून निघालेले कोरीव दगड, वीरगळ व भग्न मूर्ती विखुरलेल्या असतात, तेथे हा दोष विशेष जाणवतो. नोंद नसलेला दगड उचलून नेला, तर नोंदवही पूर्वीइतकीच अचूक दिसते. म्हणून दोन नमुने घ्यावे लागतात : एक नोंदवहीकडून वस्तूकडे आणि दुसरा वस्तूकडून नोंदवहीकडे. दुसऱ्यासाठी आवाराचे चौकोन पाडून काही चौकोन चिठ्ठीने निवडतात आणि त्यांतील प्रत्येक वस्तूची नोंद शोधतात. या दोन तपासण्यांतून येणारी प्रमाणे वेगळ्या गोष्टी सांगतात. त्यांची सरासरी काढू नये.

प्रत्यक्ष कृती : धर्मापुरीसारख्या एखाद्या स्थळी सुट्या शिल्पांची ९०० नोंदींची वही आहे, असे उदाहरणादाखल समजू. प्रथम नोंदींचे स्तर पाडतात. पहिल्यात शिलालेख व सहज उचलता येतील अशा ६० मूर्ती, दुसऱ्यात मध्यम आकाराची २४० कोरीव शिल्पे आणि तिसऱ्यात स्तंभ, शिखर वगैरेंचे ६०० साधे दगड. पहिल्या स्तरातील एकही वस्तू गमावणे परवडत नाही. म्हणून त्यात नमुना न घेता सर्व ६० तपासतात. दुसऱ्यातून ८० व तिसऱ्यातून १२० नोंदी घेतात.

दुसऱ्या स्तरात दर तीन नोंदींमागे एक घ्यावयाची आहे. १, २ व ३ या अंकांच्या चिठ्ठ्यांतून एक काढली व ती २ निघाली, तर २, ५, ८ अशा क्रमाने नोंदी घेतात. ही क्रमबद्ध निवड सोपी आहे. परंतु शिल्पे तीन-तीनच्या ओळींत मांडून त्याच क्रमाने नोंदली असतील, तर प्रत्येक वेळी ओळीतील मधलेच शिल्प येईल आणि कडेची शिल्पे, म्हणजे चोरीला अधिक उघडी असलेली, कधीच तपासली जाणार नाहीत. अशी शंका असल्यास यदृच्छ अंकांच्या कोष्टकातून प्रत्येक क्रमांक स्वतंत्रपणे काढतात. निवडलेले क्रमांक तपासणीच्या दिवसापर्यंत वस्तू सांभाळणाऱ्यास कळवीत नाहीत. सर्वांत महत्त्वाचा दंडक असा, की निवडलेली वस्तू सापडली नाही किंवा ती अडचणीच्या जागी आहे म्हणून तिच्या जागी शेजारची घ्यावयाची नाही. अशी अदलाबदल नेमक्या नाहीशा झालेल्या वस्तूच नमुन्यातून वगळते. नमुन्याच्या यादीत खाडाखोड असणे किंवा मूळ क्रमांक व तपासलेले क्रमांक यांत फरक असणे ही तिची खूण होय.

तपासणीत पहिल्या स्तरात तूट शून्य, दुसऱ्यात ८० पैकी २ आणि तिसऱ्यात १२० पैकी ६ वस्तू नाहीत असे आढळले, असे समजू. एकूण २६० पैकी ८, म्हणजे सु. ३·१ टक्के तूट असे उत्तर घाईने काढले जाते; ते चूक आहे. पहिला स्तर पूर्ण तपासला गेला, तर तिसऱ्यातील पाचांपैकी एकच नोंद पाहिली. त्यामुळे या बेरजेत सुरक्षित स्तराला त्याच्या वाट्यापेक्षा अधिक वजन मिळते. योग्य रीत म्हणजे प्रत्येक स्तरातील प्रमाण त्या स्तराच्या संख्येस लावणे. दुसऱ्यात २·५ टक्के म्हणजे २४० पैकी ६ आणि तिसऱ्यात ५ टक्के म्हणजे ६०० पैकी ३० वस्तू नसाव्यात. एकूण ९०० पैकी ३६, म्हणजे ४ टक्के. अहवालात हे एकत्रित प्रमाण व स्तरवार प्रमाणे अशी दोन्ही देणे इष्ट असते. कारण ४ टक्क्यांमागे साधे दगड गेले की मूर्ती गेल्या, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही.

नमुन्याची मर्यादाही याच उदाहरणातून स्पष्ट होते. दुसऱ्या स्तरातून फक्त तीन शिल्पे गेली असती, तर तीनपैकी एक नोंद तपासली जात असल्यामुळे प्रत्येक गेलेले शिल्प नमुन्यातून निसटण्याची संधी दोन-तृतीयांश असते. तिन्ही निसटण्याची संधी यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे शंभरात जवळजवळ तीस. तेव्हा ‘८० पैकी सर्व जागेवर’ असा दाखला मिळूनही तीन शिल्पे गेलेली असण्याचा पुष्कळ संभव राहतो. ही संधी शंभरात पाचपर्यंत खाली आणण्यासाठी २४० पैकी सु. १५० नोंदी पाहाव्या लागतात. क्वचित घडणारी चोरी पकडण्यास नमुना पडताळणी हे दुबळे साधन आहे. नोंदवहीचा एकूण दर्जा मोजण्यास मात्र ती समर्थ आहे. म्हणूनच अमोल वस्तूंच्या स्तरात ती वापरीत नाहीत.

मर्यादा ठरविणे : किती चूक चालेल, हा प्रश्न प्रथम कारखान्यांतून मांडला गेला. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनी १९२० नंतरच्या दशकात नमुन्यावरून मालाचा स्वीकार करण्याच्या योजना तयार केल्या. अशा योजनेत दोन धोके असतात : चांगला माल योगायोगाने नाकारला जाणे आणि वाईट माल योगायोगाने स्वीकारला जाणे. मर्यादा ठरविणे म्हणजे एक आकडा लिहिणे नसून हे दोन्ही धोके किती पत्करावयाचे हे ठरविणे होय, ही त्यांची कल्पना साठ्याच्या पडताळणीतही स्वीकारली गेली.

भारतात लेखी मर्यादेचे ठळक उदाहरण केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांच्या संदर्भात आढळते. २००५ च्या व नंतरच्या २०१७ च्या नियमांनुसार वीस हजारांपर्यंत ग्रंथ असल्यास दरवर्षी संपूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजार असल्यास तीन वर्षांतून निदान एकदा संपूर्ण पडताळणी आणि पन्नास हजारांहून अधिक असल्यास जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने नमुना पडताळणी करावयाची असते. नमुन्यात अवाजवी तूट दिसली, तर संपूर्ण पडताळणी करावी लागते. वर्षात दिल्या गेलेल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसल्यास, वाजवी मानले जाते. एक हजार रुपयांहून अधिक किंमतीच्या ग्रंथाची व कोणत्याही किंमतीच्या दुर्मीळ ग्रंथाची मात्र प्रत्येक वेळी चौकशी करावयाची असते. दुर्मीळ ग्रंथांसाठी मर्यादा शून्य ठेवून या नियमाने वर सांगितलेले स्तरच मान्य केले आहेत.

या नियमाचा वापर करताना एक गफलत होण्याचा संभव असतो. हजारी पाच हे प्रमाण देवघेवीवर आहे, साठ्यावर नाही. नमुन्यात मिळणारे प्रमाण मात्र साठ्यावरचे असते. एखाद्या ग्रंथालयात ६०,००० ग्रंथ असून वर्षाला २४,००० ग्रंथांची देवघेव होते, असे समजू. तीन वर्षांत ७२,००० ग्रंथांची देवघेव होईल व तीवर ३६० ग्रंथांची तूट वाजवी ठरेल. साठ्याच्या भाषेत ही मर्यादा हजारी सहा होते. देवघेव निम्मी असलेल्या ग्रंथालयात तेवढ्याच साठ्यावर ती हजारी तीन होईल. दोन्हींना एकच आकडा लावणे म्हणजे ज्याची पुस्तके कपाटांत बंद आहेत त्याला सवलत देणे आणि ज्याची पुस्तके वाचकांच्या हाती फिरतात त्याला दंड करणे.

आता या ग्रंथालयातून ५०० ग्रंथांचा नमुना घेतला व तीनपर्यंत ग्रंथ गहाळ निघाल्यास तूट वाजवी मानावी असे ठरविले, तर काय घडेल? खरी तूट नेमकी हजारी सहा असली तरी शंभरांत सु. पस्तीस वेळा चार किंवा अधिक गहाळ ग्रंथ नमुन्यात येतील आणि ग्रंथपालावर नाहक ठपका येईल. उलट, खरी तूट त्याच्या दुप्पट असली तरी शंभरांत सु. पंधरा वेळा तीन किंवा कमीच सापडतील आणि ती झाकून जाईल. नमुना २,००० ग्रंथांचा घेऊन सीमा सतरावर ठेवली, तर हे दोन्ही धोके शंभरांत दहांच्या खाली येतात. म्हणजे मर्यादा कडक करण्यापूर्वी नमुना मोठा करावा लागतो. लहान नमुन्यावर कडक मर्यादा लादल्यास तिचा निकाल व्यवस्थेवर नव्हे, तर चिठ्ठीवर ठरतो.

मर्यादेचा आणखी एक परिणाम व्यवहारात दिसतो. गहाळ वस्तूचा अहवाल देणाऱ्यावरच तिची भरपाई पडत असेल, तर चूक नोंदली जाण्याऐवजी नोंदवहीच वस्तूंशी जुळवून घेतली जाते. पडताळणीच्या आधीच्या आठवड्यात ‘निर्लेखित’ शेऱ्यांची गर्दी होणे किंवा आढळलेली तूट दरवेळी मर्यादेच्या किंचित खाली असणे, ही याची लक्षणे होत. यासाठी निर्लेखनाच्या नोंदी पडताळणीपुरत्या थांबवून ठेवतात आणि चुकीचे प्रमाण मोजणे व जबाबदारी निश्चित करणे ही कामे निरनिराळ्या व्यक्तींकडे देतात.

स्मारकांच्या बाबतीत अशी हजारी अमुक ही मर्यादा घालता येत नाही. कारण एक मंदिर गेले तर त्याच्या जागी दुसरे आणता येत नाही. तेथे पडताळणीचा उपयोग तूट वाजवी ठरविण्यासाठी नसून नोंद इतकी नेमकी करण्यासाठी आहे, की शोधणारा त्या जागी पोहोचेलच. शोधानंतर सापडलेल्या ४२ स्मारकांचा अनुभव हेच दर्शवितो. पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नोंदवही वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आली; परंतु नोंदवही अचूक होणे आणि वस्तू सुरक्षित राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही त्यावरून स्पष्ट झाले.